सहाव्या मेसेजलाच

"बोला मॅडम, मिक्सरचं भांडं फिरत नाही की मिक्सरच फिरत नाही?" असं मी कानातल्या हेडफोनमधून विचारत होते आणि टेबलाखाली मांडीवर माझा मोबाइल थरथरत होता. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "दोन्ही फिरत नाही. माझं डोकं तेवढं फिरायला लागलंय." त्यांची तक्रार नोंदवली, क्रमांक सांगितला, चोवीस तासांत माणूस येईल म्हणाले आणि फोन ठेवून मोबाइल वर काढला.

अभिनंदन चौगुले यांचा मेसेज होता. सहावा.

आठ वर्षं झाली याला. मी तेव्हा छत्तीस वर्षांची होते, कोल्हापुरात घरगुती उपकरणांच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार विभागात बसत होते, आणि लग्नाच्या बाजारातून आपलं नाव निघालं असं घरच्यांनी जवळजवळ ठरवलं होतं. मी मात्र ठरवलं नव्हतं. म्हणून ते लग्न जुळवायचं ॲप. त्यावर महिनाभरात मला अकरा जणांनी 'हाय' म्हटलं होतं, त्यातल्या नऊ जणांना 'हाय'च्या पुढे काही येत नव्हतं. हे चौगुले मात्र जयसिंगपूरचे, दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर दूध तपासायला, वय अडतीस. पहिल्या पाच मेसेजमध्ये मिसळीत पोहे घालावेत की नाही यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. मला माणूस आवडला होता. पोहे घालणाऱ्यांपैकी असूनही.

सहावा मेसेज उघडला तर तो संपेचना. बोटानं सरकवतेय, सरकवतेय, खाली अजून आहेच.

चार वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका लग्नाहून येताना मोटरसायकल चौगुले चालवत होते. मागे धाकटा भाऊ. पुढे उसाची ट्रॉली, तिला मागे दिवा नाही. चौगुल्यांचा खांदा मोडला. भाऊ जागीच गेला. उशीर झाला तर झाला, थांबून जाऊ म्हणत होता भाऊ, यांनीच घाई केली होती. वडील त्यानंतर यांच्याशी वर्षभर बोलले नव्हते. सगळं सविस्तर होतं. शेवटी लिहिलं होतं, 'तुम्हाला सांगावंसं वाटलं.'

मी डबा उघडून बसले होते. भेंडीची भाजी होती. घास तोंडात तसाच राहिला.

आता इथे मी काय करावं? माणसासारखं काहीतरी लिहावं. पण नऊ वर्षं मी एकच काम करत होते. कुणीतरी रडत-ओरडत काहीतरी मोडलंय म्हणून सांगतं, आपण आधी दिलगिरी, मग उपाय, मग फोन ठेवायचा. माझी बोटं आपोआप चालली. मी लिहिलं: 'आपल्याला झालेला त्रास समजू शकते. कृपया पुढील गोष्टी करून पाहाव्यात. एक, रोज सकाळी चालणे. दोन, प्राणायाम. तीन, वडिलांशी मोकळं बोलणे. चार, एखादा छंद. पाच, समुपदेशकाला भेटणे.' आणि पाठवलंही.

पाठवल्यावर वाचलं. मेले मी लाजेनं.

तीन मिनिटांनी उत्तर आलं. 'धन्यवाद. तक्रार क्रमांक मिळेल का?'

मी एवढ्या मोठ्यानं हसले की शेजारच्या टेबलावरची तबस्सुम खुर्ची सरकवत आलीच. तबस्सुम मुजावर माझी नऊ वर्षांची शेजारीण, फ्रिज आणि वॉशिंग मशीन बघायची. दोन पोरं, एक सासू, आणि जगातल्या प्रत्येक पुरुषाबद्दल आधीच तयार असलेलं मत.

"काय ग मंजिरी, कुणाचं एवढं?"

मी तिला थोडक्यात सांगितलं. ती म्हणाली, "बघू, दाखव."

मी मोबाइल उलटा ठेवला. का कोण जाणे, पण दाखवावंसं वाटलं नाही. पोह्यांवरचं भांडण असतं तर सगळ्या ऑफिसला वाचून दाखवलं असतं. "नाही ग. भाऊ गेलाय त्याचा. मला लिहिलंय, तुला नाही."

"बरं बाई. पण ऐक. सहाव्या मेसेजला एवढं सांगणारी माणसं तीन प्रकारची. एक, जो सगळ्यांना हेच पाठवतो आणि चार दिवसांनी आईचं ऑपरेशन काढून पैसे मागतो. दोन, ज्याला बायको नको असते, उशी पाहिजे असते. तीन..."

"तीन?"

"तिसरा मला अजून भेटला नाही. भेटला की सांगते."

मी त्याला लिहिलं, 'माफ करा. सवयीनं गेलं ते. वाचून खरंच वाईट वाटलं. काय बोलावं सुचेना म्हणून यादी केली. तुमच्या भावाचं नाव काय होतं?'

बराच वेळ 'लिहीत आहे' दिसत राहिलं. मग एकच शब्द आला. 'सुकुमार.' आणि थोड्या वेळानं, 'नाव कुणी विचारत नाही. कसा गेला तेच विचारतात.'

इथपर्यंत ठीक होतं. इथेच मी हळूच गाडी दुसरीकडे वळवायला हवी होती. पण नाव विचारून मी दार उघडलं होतं, आणि माणूस आत आला तो पसारा घेऊन. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉइस मेसेज. अकरा मिनिटं. मग एक नऊ मिनिटांचा. दुपारी एक चौदा मिनिटांचा. आवाज छान होता, शांत, मधेमधे मागे दुधाच्या कॅनचा खडखडाट. मी सगळे ऐकले. एका कानात हेडफोन, दुसऱ्या कानात चौगुले. आणि त्या नादात राजारामपुरीतल्या एका आजोबांच्या गिझरला मिक्सर दुरुस्त करणारा माणूस पाठवला. त्या माणसानं तिथून फोन करून विचारलं, "मॅडम, यात चटणी कुठून घालायची?" साहेबांनी मला आत बोलावून जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या दिवशी डबा तसाच घरी गेला. आणि मला आठवलं, हे मी आधी एकदा केलेलं होतं.

जगदीश म्हणून एक होता. त्याची बायको त्याला सोडून गेली होती. आठ महिने मी रोज संध्याकाळी दोन-दोन तास ऐकलं. माझं काय चाललंय, मला ताप आलाय, माझ्या बाबांचं गुडघ्याचं दुखणं, काही म्हणजे काही त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. मला वाटायचं, याला बरं वाटलं की मग माझी पाळी येईल. त्याला बरं वाटलं. त्यानं मला लग्नाची पत्रिका पाठवली. मुलगी साताऱ्याची होती. वर हातानं लिहिलं होतं, 'तुझ्यामुळे उभा राहिलो.' मी लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि जिलेबी खाऊन आले. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो नेमका कुणावर काढावा हेही कळत नव्हतं.

मला सोबत पाहिजे होती. कुणाचं तरी दुःख दत्तक घ्यायचं नव्हतं. पण हा माणूस हसवत होता, आवडत होता, आणि तोंड फिरवलं तर हातातून जाणार होता. दोन्हीची भीती वाटत होती.

"ब्लॉक कर," तबस्सुम म्हणाली.

"तसं कसं करू? एवढं सांगितलंय त्यानं. मधेच गायब व्हायचं?"

"मग तूही तुझं सांग. बरोबरी होईल."

"म्हणजे त्यानं भाऊ सांगायचा आणि मी जगदीश सांगायचा? काय स्पर्धा आहे का?"

मग मी तिला एक गोष्ट सांगितली, जी मी दोन दिवस मनात धरून होते. चौदा मिनिटांच्या मेसेजमध्ये शेवटी तो म्हणाला होता, 'कधी कधी वाटतं, त्या रात्री त्याच्याऐवजी मीच जायला हवा होतो.'

तबस्सुमच्या तोंडावरचं हसू गेलं. "हे आधी का नाही सांगितलंस? बाकीचं राहू दे सगळं. हे आधी विचार. सरळ विचार, आडून नको. माझ्या चुलतभावाच्या वेळी सगळे आडून आडून विचारत बसले होते."

"विचारल्यानं उलट त्याच्या डोक्यात आलं तर?"

"डोक्यात असेल तर आधीच आहे. नसेल तर नाही म्हणेल. विचारल्यानं येत नाही, डॉक्टरांनी सांगितलं होतं आम्हाला. विचार."

संध्याकाळी सहाला ऑफिस सुटलं आणि मी गेटजवळच्या पानपट्टीशेजारी उभी राहून त्याला फोन लावला. पहिल्यांदाच. नऊ वर्षं दिवसाला साठ फोन घेणारी मी, पण रिंग वाजायच्या आधीच दोनदा कापला.

"मंजिरी घोरपडे बोलतेय."

"अरे! बोला बोला. घरी निघालात?"

"एक विचारायचंय. राग आला तरी चालेल. तुम्ही म्हणालात ना, मीच जायला हवा होतो. तर तुमच्या मनात जीव द्यायचं येतं का? आत्ता, या दिवसांत?"

पलीकडे कॅन थांबले. पानपट्टीवाल्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्याकडे जर्दा सोडून विष मागितलं.

"नाही," तो म्हणाला. "आता नाही. पहिल्या वर्षी यायचं. तेव्हा बहिणीनं ओढत नेलं होतं सांगलीला, एका समुपदेशक बाईंकडे. अजून जातो. एक आड एक गुरुवार. परत तसं वाटलं तर आधी बहिणीला, मग बाईंना फोन करायचा असं ठरलेलं आहे. कागदावर लिहून पाकिटात ठेवलंय." मग म्हणाला, "असं सरळ तुम्हीच विचारलंत. बाकीचे 'काळजी घ्या' म्हणून निघून जातात."

आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि मग, खरं सांगते, रागच आला. माणसाला बहीण आहे, बाई आहेत, गुरुवार ठरलेला आहे, पाकिटात कागद आहे. मग माझा डबा दोन दिवस परत का जातोय?

"मी तुम्हाला नंतर लिहिते," असं म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी कागद घेऊन बसलो. मी पहिल्यांदा लिहिलं, 'तुम्ही खूप चांगले आहात पण.' तबस्सुमनं 'पण' खोडला. "पण आला की माणूस मागचं सगळं विसरतो. माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी कधी पणच्या आधीचं ऐकलेलंच नाही." मग मी लिहिलं, 'माझ्या कामामुळे मला वेळ होत नाही.' तेही खोडलं, कारण खोटं होतं. कामामुळे नव्हे, माझ्यामुळे वेळ होत नव्हता. तिसऱ्या खेपेला कागद असा झाला:

'अभिनंदन, सुकुमारबद्दल मला सांगितलंत, ते मी हलकं घेतलेलं नाही आणि कुणाला वाचूनही दाखवलेलं नाही. आपण अजून भेटलोही नाही. एवढं मोठं दुःख एवढ्या लवकर ऐकायला मला जड जातं, दिवसभर कामात लक्ष लागत नाही. मोठे व्हॉइस मेसेज मी आत्ता ऐकू शकणार नाही. त्या बोलण्याला सांगलीच्या बाई आहेत याचा मला आनंद आहे. मला तुम्हाला ओळखायचंय. तुम्ही सकाळी काय खाता, कशावर चिडता, काय बघून हसता. जमणार असेल तर रविवारी सकाळी भेटू. सुकुमारचं हळूहळू सांगा, मी पळून जात नाही.'

"शेवटचं वाक्य खरं आहे का?" तबस्सुमनं विचारलं.

"हो."

"खरं असेल तरच ठेव. आणि आता पाठवून फोन ड्रॉवरमध्ये टाक. तो काय उत्तर देतो त्यावरून कळेल सगळं. चिडला, 'तूही त्यांच्यासारखीच' म्हणाला, की विषय संपला. उशी शोधत होता. नीट बोलला तर माणूस आहे."

पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. वाचलं. उत्तर नाही.

त्या दिवशी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. मी ड्रॉवर इतक्या वेळा उघडला की त्याचा मूठवाला स्क्रू निघून हातात आला. "दुरुस्तीच्या ऑफिसात बसून काय ही अवस्था," म्हणत तबस्सुमनं तो पेननं घट्ट केला. माझ्या मनात मात्र हजार गोष्टी. दुखावला असेल. बहिणीला सांगत असेल, बघ, हीही तसलीच. एवढ्या मुश्किलीनं एक बरा माणूस मिळाला होता आणि मी त्याला नियम सांगितले. मी चार वेळा 'सॉरी' लिहिलं आणि चार वेळा खोडलं. मागे घ्यायचं नाही, एवढं मात्र पक्कं ठरवलं होतं. मागे घेतलं असतं तर परत आठ महिने आणि परत एक पत्रिका.

दुपारी तीनला उत्तर आलं.

'काल वाचलं. राग आला. म्हणून काल लिहिलं नाही. आज परत वाचलं, तुमचं बरोबर आहे. मी का सांगितलं ते सांगतो. आमच्याकडे गावातून कॅन आला की दूध आधी तपासतो, मगच टाकीत ओततो. एक खराब कॅन गेला की अख्खी टाकी जाते. मागे दोन मुलींना मी तीन महिन्यांनी सांगितलं. दोघी म्हणाल्या, आधी का नाही सांगितलंस, आणि गेल्या. म्हणून यावेळी ठरवलं, दारातच सांगायचं. जाणारीनं दारातूनच जावं. रविवारी दहाला येतो. कुठे?'

मी वाचून तबस्सुमकडे बघितलं. ती म्हणाली, "हा तिसरा असेल बघ."

रविवारी आम्ही ताराबाई पार्कातल्या एका छोट्या हॉटेलात भेटलो. निळा शर्ट, इस्त्री एकाच बाजूनं केलेली. माणूस फोटोपेक्षा उंच निघाला आणि आवाजापेक्षा लाजरा. दोघांनी मिसळ मागवली. त्यानं वेटरला हळूच सांगितलं, "पोहे वेगळे द्या, त्यांना चालत नाहीत." मी न ऐकल्यासारखं केलं.

"एक विचारू?" मी म्हटलं. "कॅन आला की तुम्ही नक्की काय करता?"

तो खुलला. "आधी झाकण काढून वास. मग ढवळायचं, नाहीतर साय वरच राहते. मग नमुना घ्यायचा, लॅक्टोमीटर, फॅट, आंबटपणा..."

"नमुना म्हणजे केवढा?"

"थोडासाच. लहान बाटलीभर."

"अच्छा. कॅनला तोंड लावून चाळीस लिटर पीत नाही ना तुम्ही?"

"छे! चाळीस लिटर कसं..." आणि तो थांबला. पाव हातात तसाच. कानापर्यंत लाल झाला.

"मग मला अख्खा कॅन का पाजलात?"

तो हसायला लागला. आधी हळू, मग इतका की रस्सा नाकात गेला आणि डोळ्यांतून पाणी. शेजारच्या टेबलावरच्या काकू वळून बघायला लागल्या. "चुकलं," तो म्हणाला. "खरंच चुकलं. 'माझा भाऊ गेला, गाडी मी चालवत होतो, मला अजून त्रास होतो.' एवढं पुरलं असतं."

"एवढंच पुरलं असतं."

"दारात सांगायचं म्हणजे सगळं दारातच रिकामं करायचं, असं झालं माझं." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. मग ताटली बाजूला सारून पुढे वाकला. मला वाटलं, आता परत अपघात. मी मनाची तयारी केली. नऊ वर्षांची सवय होती, कान आपोआप पुढे आले.

"तुमचं काय?" तो म्हणाला.

"माझं काय?"

"मी आठवडाभर बोलतोय. तुम्ही मला भावाचं नाव विचारलंत. जीव द्यायचं येतं का विचारलंत. मला तुमच्याबद्दल मिक्सर आणि पोहे सोडून काही माहीत नाही."

"माझं काही विशेष नाही," मी म्हणाले. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा म्हटलं होतं की तोंडात तयारच होतं.

"विशेष नसलेलं सांगा."

तो वाट बघत बसला. मधे बोलला नाही, मान हलवून घाई केली नाही, मोबाइल पालथा घातला आणि चहा घेत राहिला. कुठून सुरू करायचं असतं हे? मी म्हटलं, बाबांचा गुडघा दुखतो. कुठला, त्यानं विचारलं. डावा, मी म्हटलं. कधीपासून? मग मी सांगितलं. मग जगदीशचं सांगितलं, अक्षतांचं, जिलेबीचं. आईचं सांगितलं. बीएला असताना रेडिओवर निवेदिका व्हायचं होतं ते सांगितलं, जे मी तबस्सुमलासुद्धा कधी बोलले नव्हते. माझा चहा निवला, वेटरनं दुसरा आणून ठेवला, तोही निवला. शेजारच्या काकू उठून गेल्या. त्यांच्या जागी दुसरं कुटुंब आलं, जेवलं आणि तेही गेलं.

शेवटी मालकानं येऊन विचारलं, "ताई, जेवणाची गर्दी सुरू झालीय, काही देऊ का अजून?" तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेदोन वाजले होते. आणि एवढा वेळ मी एकटीच बोलत होते.